बैलांना गणूने बांधले: प्रयोग ओळखताना शब्दांचा क्रम का फसवतो

प्रश्न: सराव पेपरात 'बैलांना गणूने गोठ्यात बांधले' या वाक्याचा प्रयोग विचारला होता. कर्म आधी, कर्ता नंतर, म्हणून मी कर्मणी निवडलं. उत्तरतालिकेत भावे आहे. आमच्याकडे सांगलीत बरीच मुलं क्रम बघूनच ठरवतात. मग माझं नेमकं चुकलं कुठे?

उत्तर:

उत्तरतालिका बरोबर आहे. क्रियापद कोणाच्या लिंग-वचन-पुरुषाला धरून चालते, यावर प्रयोग ठरतो. तुमचे वाक्य 'गणूने बैलांना गोठ्यात बांधले' असे केले किंवा 'गोठ्यात बांधले बैलांना गणूने' असे केले, तरी 'बांधले'चे रूप बदलत नाही आणि प्रयोगही बदलत नाही. बांधणारा कोण हे 'ने' सांगतो, कोणाला बांधले हे 'ना' सांगतो. ही कामे प्रत्ययांनी उचललेली असल्यामुळे मराठीत शब्द पुढेमागे करायला मोकळीक आहे. आपण ज्याच्यावर भर द्यायचा ते पुढे आणतो, एवढेच.

क्रमाचा हा नियम मुलांच्या डोक्यात इंग्रजीच्या तासातून येतो, असे मला वाटते. तिथे पॅसिव्ह करताना कर्म उचलून पहिल्या जागी ठेवायला शिकवतात, आणि पॅसिव्ह म्हणजे कर्मणी असे समीकरण मनात पक्के बसते. मराठीतला नेहमीचा कर्मणी प्रयोग मात्र कर्त्यापासून सुरू होतो: 'गणूने बैल बांधले', 'आजीने पोथी वाचली'. यात कर्म आधी आणण्याची काही गरजच नसते. उलट 'पोथी आजी वाचते' यात कर्म आधी आहे, तरी प्रयोग कर्तरी, कारण आजीच्या जागी आजोबा आले की 'वाचतात' होते.

आता तुमचेच वाक्य तपासू. आधी कर्ता शोधा. बांधणारा कोण? गणू. त्याला बदलून पाहा: गंगूने बांधले, पोरांनी बांधले. क्रियापद हलले नाही, म्हणजे कर्तरी गेला. मग कर्म बदला, पण त्याचा प्रत्यय तसाच ठेवून. बैलांना बांधले, गाईला बांधले, म्हशींना बांधले. इथेही क्रियापद हलले नाही. ते कर्त्याचेही ऐकत नाही आणि कर्माचेही नाही, तृतीयपुरुषी नपुंसकलिंगी एकवचनात थांबले आहे. म्हणून भावे.

प्रत्यय तसाच ठेवून, हे मी मुद्दाम म्हटले. घाईत बरेच जण 'बैलांना'च्या जागी 'गाय' घालतात, मग 'गाय बांधली' असे झाले की कर्मणी ठरवून मोकळे होतात. तिथे वाक्यच बदललेले असते. 'बैल गणूने बांधले' हे खरोखर कर्मणी आहे: गाय बांधली, म्हशी बांधल्या, क्रियापद कर्मामागे जाते. 'ना' लागला की कर्माची क्रियापदावरची पकड सुटते.

आणि खरी खोच इथेच आहे. 'बैल बांधले' आणि 'बैलांना बांधले' ही दोन्ही क्रियापदे कागदावर अगदी सारखी दिसतात. पहिले 'बांधले' पुल्लिंगी अनेकवचन आहे, दुसरे नपुंसकलिंगी एकवचन. पूर्वी छापताना दुसऱ्यावर अनुस्वार देत, 'बांधलें', त्यामुळे डोळ्यांना फरक दिसायचा. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले आणि दोन्ही रूपे एक झाली. तुमच्या वाक्यात बैल अनेक आहेत, म्हणून 'बांधले' त्यांच्याशी जुळल्याचा भास होतो. पेपर काढणारे असे पुल्लिंगी अनेकवचनी कर्म घेतात तेव्हा हाच सापळा असतो. 'गाईला गणूने बांधले' असे वाक्य असते तर कदाचित तुम्हीही थबकला असता.

यावर काही जण एक उपाय सांगतात की वाक्य बोलून पाहा. प्रमाण बोलण्यात 'बैल बांधले' तसेच राहते, पण 'बैलांना बांधलं' होते, म्हणजे कानाला फरक कळतो. उपाय चांगला आहे, फक्त आपल्याकडे त्यावर विसंबू नका. सांगली-साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतल्या बोलीत पुल्लिंगी अनेकवचनही 'पैसं दिलं', 'आंबं पिकलं' असेच ऐकू येते. ज्याच्या घरी 'बैलं बांधलं' असे बोलतात, त्याचा कान दोन्हीकडे 'लं'च ऐकणार. शिवाय कर्म मुळातच नपुंसकलिंगी एकवचनी असेल, जसे 'वासरू बांधले', तर प्रमाण बोलीतही 'बांधलं'च होते आणि तरी प्रयोग कर्मणी असतो. म्हणून शब्द बदलून पाहण्याला पर्याय नाही. तिथे वासराच्या जागी गाय आली की 'बांधली' होते आणि प्रश्न मिटतो.

कधी 'गणूने गाईला बांधली' असेही कानावर येते. कर्माला 'ला' आहे, तरी क्रियापद गाईच्या लिंगावर गेले आहे. व्याकरणात याला कर्म-भाव संकर म्हणतात. पर्यायांत 'संकर' दिसला तर क्रियापदाचे छापलेले शेवटचे अक्षर नीट बघा, 'बांधली' आहे की 'बांधले'.

क्रमावर अजूनही मन जात असेल तर ही दोन वाक्ये शेजारी ठेवा: 'मी चहा घेतला' आणि 'मी चहा प्यालो'. शब्दांचा क्रम तोच, कर्ता 'मी', कर्म 'चहा', काळही एकच. तरी पहिले कर्मणी आणि दुसरे कर्तरी. 'मी'ची प्रथमा आणि तृतीया आज दिसायला सारखीच असल्यामुळे हे झाकले जाते. जुन्या मराठीत तृतीयेला 'म्यां' असे वेगळे रूप होते. म्हणून 'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' असा कर्ता आला की त्याच्या जागी 'तो' किंवा 'ती' घाला. 'तिने चहा घेतला' होते, 'ती चहा प्याली' होते. पहिल्यात 'ने' उघडा पडतो, आणि चहाऐवजी कॉफी दिली की 'घेतली' होते. दुसऱ्यात कॉफी आली तरी ती 'प्याली'च, आणि तो 'प्याला'च. पिणे, शिकणे, विसरणे, बोलणे ही धातूंची छोटी मंडळी कर्म घेऊनही भूतकाळात कर्त्यामागेच जातात. 'मी धडा शिकलो', 'ती वाट विसरली' ही वाक्ये पेपरात भेटतील तेव्हा 'सकर्मक आणि भूतकाळ, म्हणजे कर्मणी' या दुसऱ्या झटपट नियमावरही थांबू नका, कर्ता बदलून पाहा.