पीएमईजीपीत बसेल असा धंदा कसा निवडायचा?

*प्रश्न: मी गृहिणी आहे, गावात राहते. हाताशी तीस-पस्तीस हजार रुपये आहेत. पीएमईजीपीतून कर्ज आणि सबसिडी मिळेल असा कोणता व्यवसाय निवडू? किराणा दुकान आणि घरगुती मसाले असे दोन डोक्यात आहेत.*

ताई, या दोनपैकी मसाले घ्या. तालुक्याच्या ठिकाणी कर्जाचे प्रकल्प अहवाल तयार करायचं काम मी बरीच वर्षं करतोय. फाइल कुठे अडते ते रोज बघतो, म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, ही योजना नवं युनिट उभं करण्यासाठी आहे. तिथे उत्पादनाला ५० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. नुसतं माल आणून विकायचं दुकान सहसा बसत नाही. खादी-ग्रामोद्योगाचा माल विकणारं किंवा स्वतःच्या उत्पादनाला जोडलेलं दुकान असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय ज्या प्रकल्पात भांडवली खर्च, म्हणजे यंत्रसामग्री वगैरे, काहीच नाही तो पात्रच धरत नाहीत. किराण्यात बहुतेक पैसा मालात जातो. किराणाच करायचा असेल तर मुद्रा कर्ज बघा, पण मुद्रात सबसिडी नसते हे लक्षात ठेवा.

आता मसाल्याचा हिशोब. मागे एका बाईंसाठी केला होता, तोच आकड्यांसकट देतो. डंख मशीन, पल्वरायझर, रोस्टर, पॅकिंग मशीन, वजनकाटा मिळून ४ लाख २० हजार. थ्री-फेजचं वायरिंग आणि टेबलं-रॅक ३० हजार. खेळतं भांडवल दीड लाख. एकूण ६ लाख. महिला विशेष प्रवर्गात येतात, मग जात कुठलीही असो, त्यामुळे स्वतःचे फक्त ५ टक्के, म्हणजे ३० हजार घालायचे. बाकीचे ५ लाख ७० हजार बँक देते. युनिट ग्रामपंचायत हद्दीत असेल तर सबसिडी ३५ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. हेच युनिट नगरपंचायत किंवा नगरपालिकेच्या हद्दीत टाकलं तर २५ टक्केच, म्हणजे ६० हजारांचा फरक. तुमचं घर आणि युनिटची जागा कुठल्या हद्दीत येते हे आधी ग्रामसेवकांकडून लेखी घ्या. हद्दवाढ झालेल्या गावांत इथेच घोळ होतो.

हे २ लाख १० हजार तुमच्या हातात येत नाहीत. बँकेत तुमच्या नावावर तीन वर्षांची ठेव होते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याजही लावत नाही. म्हणजे व्याज ५ लाख ७० हजारांवर न लागता ३ लाख ६० हजारांवर लागतं. तीन वर्षांनी युनिट चालू आहे हे जागेवर येऊन तपासतात आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते. धंदा मध्येच बंद पडला तर सबसिडी परत जाते आणि सगळं कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं. म्हणून मी लोकांना विचारतो, की हा धंदा तीन वर्षं तुम्ही स्वतः रोज करणार आहात का? फक्त सबसिडीसाठी निवडलेला धंदा दुसऱ्या वर्षी कुलूप लावतो, असं मी पुष्कळदा पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

खेळत्या भांडवलाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे लोक फसतात. आकडा फुगवला की कर्ज जास्त मिळेल असं वाटतं. पण नियम असा आहे, की त्या तीन वर्षांत कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक जे कर्ज देते त्याची, मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरलेली दिसली पाहिजे आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. नाहीतर सबसिडीचा तेवढा भाग परत मागतात. मसाल्यात हे जमतं. उन्हाळ्याच्या तोंडाला मिरची येते, तेव्हा वर्षाची मिरची, धणे, खोबरं एकदम घ्यावं लागतं आणि मर्यादा आपोआप वापरली जाते. त्या बाईंना मी विचारलं, “एका सीझनला मिरची किती घेता?” त्यांच्या उत्तरावरूनच दीड लाखाचा आकडा ठरला. तुम्हीही मागच्या उन्हाळ्यात किती किलो मसाला केला आणि कुणाकुणाला दिला ते वहीत लिहून काढा. मॅनेजर हेच विचारतो.

जागेचं म्हणाल तर जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. घराची पडवी किंवा भाड्याचा गाळा पुरतो. पण थ्री-फेज मीटर मिळेल का, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात आधी विचारा. डंख आणि पल्वरायझर यांचा भार सहसा सिंगल फेजवर ओढत नाही.

आणि सगळ्यात मोठा खड्डा. दुसऱ्या एक ताई आल्या होत्या, मसाले उत्तम. पण दोन वर्षांपूर्वी कुणीतरी “फुकट आहे, काढून ठेवा” म्हणाल्यामुळे त्यांनी उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी, करून ठेवली होती. कागदावर त्यांचं युनिट जुनं ठरलं आणि पीएमईजीपीचा अर्ज परत आला. तुमच्याकडे अशी नोंदणी असेल तर लपवू नका. अशा चालू युनिटसाठी पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची योजना आहे. तिथेही ३५ टक्के सबसिडी आहे, जास्तीत जास्त १० लाख, पण स्वतःचे १० टक्के घालावे लागतात. त्या ताईंना तिसाऐवजी साठ हजार उभे करावे लागले, त्यात सहा महिने गेले. तुमच्याकडे पस्तीसच आहेत, म्हणून मंजुरीपत्र हाती येईपर्यंत उद्यम काढू नका, मशीनही घेऊ नका. फक्त जीएसटी नंबर असलेल्या विक्रेत्याकडून कोटेशन घ्या. बँक पैसे थेट त्यालाच देते.

शिक्षणाची अडचण नाही. उत्पादनात १० लाखांच्या वरच्या प्रकल्पालाच आठवी पासची अट आहे. मात्र नवरा-बायको मिळून एक कुटुंब धरतात. यजमानांनी आधी ही योजना घेतली असेल तर तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे ते घरात आधीच विचारून घ्या.

अर्ज ऑनलाइन भरताना एजन्सी निवडायला सांगतात. जिल्हा उद्योग केंद्र निवडलंत तरी चालेल. उद्योगाच्या यादीत मसाले अन्न प्रक्रियेखाली सापडतील. त्यात शेती किंवा पीक लागवडीचा काहीही उल्लेख येऊ देऊ नका, कारण पिकं घेणं या योजनेच्या बाहेर आहे. स्वतःच्या शेतातली मिरची वापरणार असलात तरी अहवालात ती कच्चा माल म्हणूनच दाखवा.