लिमिटची व्याख्या उलटी करताना नेमकं काय बदलायचं?

प्रश्न: a_n = (-1)^n + 1/n ची लिमिट 1 नाही हे दाखवायचंय. मी "प्रत्येक ε साठी सगळे n लांब आहेत" असं लिहिलं तर सरांनी काट मारली. का? आणि लिमिटच नाही हे कसं दाखवू?

काट बरोबरच आहे, कारण n सम असताना a_n आणि 1 मधलं अंतर फक्त 1/n असतं, म्हणजे अर्ध्या टर्म्स तर 1 ला चिकटतच चालल्यात. मूळ व्याख्या म्हणते की कुठलाही ε > 0 द्या, असा एक N सापडतो की त्याच्यापुढचे सगळे n |a_n - L| < ε पाळतात. हे खोटं पाडायला डावीकडून एकेक शब्द उलटवत या: "प्रत्येक ε" चा "एक तरी ε" होतो, "एक N सापडतो" चं "कुठलाही N घ्या" होतं, "सगळे n" चं "एक तरी n ≥ N" होतं, आणि शेवटी < चं ≥. फक्त शेवटचं चिन्ह उलटवून वरचं तसंच ठेवलं की तुमच्यासारखं वाक्य तयार होतं.

म्हणजे ε तुम्ही निवडायचा, एकदाच, N यायच्या आधी. मग समोरचा N देईल तसा त्याच्यापुढचा एक n काढून द्यायचा. इथे ε = 1 घ्या. N कितीही असो, त्याच्यापुढे विषम n मिळतोच आणि त्याला |a_n - 1| = 2 - 1/n, जे 1 पेक्षा कमी होत नाही. झालं. पण ε = 2 घेतलात तर अडकाल, कारण 2 - 1/n कधीच 2 ला पोचत नाही आणि सम n तर जवळच आहेत, म्हणून ε थोडा हात राखूनच घ्यावा.

आता लिमिटच नाही म्हणायचं तर 1 ला नापास करून भागत नाही, प्रत्येक L ला नापास करायचंय. अनंत L आहेत पण केसेस दोनच पुरतात, ε = 1/2 घ्या. L ≤ 0 असेल तर N च्या पुढचा सम n द्या, तिथे a_n > 1 म्हणून अंतर 1 च्या वर. L > 0 असेल तर विषम n द्या, पण n ≥ 3 असलेला, कारण तिथे a_n ≤ -2/3 आणि अंतर 2/3 च्या वर. ही 3 ची अट बऱ्याच जणांची सुटते: a_1 = 0 आहे, त्यामुळे L = 0.1 असताना N = 1 ला n = 1 दिलात तर अंतर 0.1 च येतं आणि प्रूफ तिथेच पडतं. N आणि 3 यातला जो मोठा त्याच्यापुढचा विषम n घेतो एवढं एक वाक्य लिहा, काट बसणार नाही.