दावा चालू असताना प्रतिवादी गाळा विकायला निघाला, तर काय करायचं?

*"मालाच्या बाकीचे 24 लाख येणे आहेत म्हणून दावा लावलाय. आता समोरचा एकुलता एक गाळा विकतोय असं कानावर आलंय. निकाल लागेपर्यंत काहीच उरणार नाही. जप्ती मिळते का, की रिसीव्हर मागू?"*

जप्ती मागा. तुमच्या दाव्यात रिसीव्हर, म्हणजे मिळकत सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस, जवळजवळ मिळत नाही, त्याचं कारण पुढे सांगतो.

अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 38 रूल 5 खाली करायचा. त्यात दोन गोष्टी लागतात. एक, तुमचा दावा सकृतदर्शनी खरा आणि टिकणारा आहे. दोन, उद्या होणारा हुकूमनामा अडवण्याच्या किंवा लांबवण्याच्या हेतूनेच प्रतिवादी मिळकत विकतोय किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर नेतोय. पहिली गोष्ट तुमच्याकडे आहे: बिलं, डिलिव्हरी चलनं, खातेउतारा. बहुतेक अर्ज दुसऱ्या गोष्टीवर पडतात. रमण टेक विरुद्ध सोळंकी ट्रेडर्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की विनातारण येणं तारणी येणं करून घ्यायला हा नियम नाही. येणं खरं आहे एवढ्यावर जप्ती मिळत नाही. माणूस आपली मिळकत विकू शकतो. विकण्यामागचा हेतू दाखवावा लागतो.

म्हणून "कानावर आलंय" हे शपथपत्रात चालणार नाही. "मला खात्रीलायक समजले" असं लिहिलं तर कोणाकडून, कधी, काय समजलं हेही लिहावं लागतं, नाहीतर त्या परिच्छेदाला किंमत राहत नाही. सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे खरेदीदाराच्या वकिलाने वर्तमानपत्रात दिलेली जाहीर नोटीस, कारण तिच्यात गाळ्याचं वर्णन आणि तारीख दोन्ही असतात. ती सापडली तर मुदतीत लेखी हरकतही घ्या, म्हणजे "मला दाव्याची कल्पनाच नव्हती" असं खरेदीदाराला पुढे म्हणता येणार नाही. नोटीस नसेल तर ज्या एजंटाने भाव सांगितला त्याचं शपथपत्र, किंवा विक्रीच्या ऑनलाइन जाहिरातीची प्रत, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून इंडेक्स-2 काढा. दाव्याचं समन्स लागल्यानंतर त्याने दुसरी मिळकत बायकोच्या किंवा भावाच्या नावे बक्षीसपत्राने केली असेल, तर हेतू दाखवायला याहून मोठी गोष्ट नाही. तारखा शेजारी शेजारी मांडा: समन्स कधी लागलं, बक्षीसपत्र कधी झालं, जाहिरात कधी आली.

आता रक्कम. मुद्दल 24 लाख, 12 टक्क्यांनी 15 महिन्यांचं व्याज 3 लाख 60 हजार, कोर्ट फी आणि खर्च धरून समजा 1 लाख 40 हजार. एकूण 29 लाख. अर्जात मिळकतीचं वर्णन आणि अंदाजी किंमत द्यावी लागते. गाळ्याची किंमत 35 लाख असेल आणि त्यावर बँकेचं 12 लाखांचं कर्ज बाकी असेल, तर तुमच्या हाताला लागणारे 23 लाखच. बँकेचं आधीचं गहाण तुमच्या जप्तीने हलत नाही. उरलेल्या 6 लाखांसाठी यंत्रं किंवा त्याला गिऱ्हाइकांकडून येणं असलेल्या रकमा दाखवा. बँक खातं दाखवताना ते कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. कॅश क्रेडिट खात्यात बाकी उणे असेल तर ते पैसे बँकेचे आहेत, जप्त करायला तिथे काही नाही.

अर्जातली मागणी कशी लिहिता यावर सगळं उभं आहे. "गाळा जप्त करावा" एवढीच एक ओळ लिहू नका. कोर्टाने आधी प्रतिवादीला संधी द्यायची असते: ठरावीक मुदतीत 29 लाखांचं तारण द्या, किंवा ते का देऊ नये याची कारणं दाखवा. ही पायरी गाळून थेट जप्तीचा आदेश झाला तर पोटनियम (4) प्रमाणे ती जप्ती निरर्थक ठरते. 1976 च्या दुरुस्तीने आलेल्या या पोटनियमामुळे हातात आलेले आदेश पुढे मोडले आहेत. म्हणून मागणी दोन भागांत लिहा: (अ) तारण द्या किंवा कारण दाखवा, (ब) तोपर्यंत पोटनियम (3) प्रमाणे सशर्त जप्ती. दुसरा भाग कोर्ट नोटिशीच्याच आदेशात, समोरच्याला ऐकण्याआधीही देऊ शकतं. तुमची खरी गरज हीच आहे.

आदेश मिळाला म्हणजे जप्ती झाली असं समजू नका. प्रोसेस भरून बेलीफाकडून मनाईचा आदेश प्रतिवादीवर बजावून घ्या. तो गाळ्यावर आणि कोर्टात लावला गेला का, दवंडी झाली का, हे अहवालात नीट वाचा. प्रत दुय्यम निबंधकाकडे आणि गाळ्याच्या सोसायटीकडे पोचवून पोच घ्या. गाळा दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर संहितेच्याच कलम 136 प्रमाणे आदेश तिथल्या जिल्हा न्यायालयामार्फत जातो आणि त्यात दिवस जातात. जप्ती पक्की झाल्यावर केलेलं खासगी हस्तांतर कलम 64 मुळे तुमच्या हक्कापुरतं निरर्थक असतं.

घाई का, तेही सांगतो. जप्तीपूर्वी सही झालेलं खरेदीखत नंतर नोंदवलं तरी ते जप्तीवर मात करतं, असं सर्वोच्च न्यायालयाने हमदा अम्मल प्रकरणात ठरवलंय. नोंदणीला चार महिने मिळतात. म्हणजे आज ई-सर्च कोरा दिसला तरी खत आधीच झालेलं असू शकतं.

रिसीव्हरचं असं आहे की ऑर्डर 40 मध्ये कोर्ट वादातल्या मिळकतीची राखण करतं: फुटलेल्या भागीदारीचा धंदा, गहाणाची मिळकत, वाटपाच्या दाव्यातली भाडी. तुमचं भांडण पैशाचं आहे, गाळ्यात तुमचा हक्क नाही. ज्याला कब्जातून काढण्याचा तुम्हाला आज अधिकार नाही, त्याला रिसीव्हर नेमूनही काढता येत नाही. त्यापेक्षा त्याच अर्जात पर्यायी मागणी म्हणून ऑर्डर 39 रूल 1(ब) खाली गाळा विकू नये अशी ताकीद मागा, आणि प्रतिवादीने सगळ्या मिळकतींचं शपथपत्र द्यावं हेही मागा. ताकीद मोडली तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, पण कलम 64 चं संरक्षण फक्त जप्तीला आहे. म्हणून ताकीद दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

अर्जात वाढवून काही लिहू नका. पुरेशा कारणाशिवाय जप्ती घेतली असं ठरलं तर कलम 95 खाली 50,000 रुपयांपर्यंत भरपाई तुमच्यावर बसू शकते. आणि तारखांना हजर राहा. दावा गैरहजेरीत निकाली निघाला की जप्ती जाते, आणि नंतर दावा पुन्हा फायलीवर आला तरी केवळ त्यामुळे ती परत जिवंत होत नाही. अर्ज पहिल्यापासून करावा लागतो, आणि तोवर गाळा जागेवर असेलच असं नाही.