प्रवेश अर्जातला ‘निवासी / अनिवासी’ : टिक कुठे मारायची?

«भाच्याच्या ॲडमिशनचा फॉर्म आहे, फोटो पाठवलाय. रकाना ७ मध्ये ‘निवासी / अनिवासी’ आहे आणि ९ मध्ये ‘मूळ निवासस्थान’. आम्ही डिचोलीत राहतो, मूळ गाव सत्तरीतलं, मुलाचे वडील बोटीवर असतात म्हणजे देशाबाहेरच. हा कसा भरायचा?»

ताई, ७ मध्ये ‘अनिवासी’ येईल असं मला वाटतं, आणि ९ मध्ये डिचोलीचाच पत्ता. पण हे मी फोटोवरून सांगतोय, आणि फोटोत वरचं संस्थेचं नाव कापलं गेलंय, खालची टीपही अर्धीच दिसतेय. या शब्दाचं असं आहे की संस्था कुठली ते कळल्याशिवाय त्याचा अर्थच ठरत नाही, त्यामुळे मी कशावरून म्हणतोय ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या कागदावर ताडून बघता येईल.

‘निवासी’ हा शब्द ‘वस्’ म्हणजे राहणे यातून आलेला, ‘वसतिगृह’ पण त्याच घरातला. अर्थ साधा, राहणारा. आता कुठे राहणारा हे शब्द सांगत नाही, ते फॉर्म छापणारा मनात धरून चालतो, आणि सगळी पंचाईत तिथेच होते. ज्यांचं हॉस्टेल आहे त्यांच्या फॉर्मवर निवासी म्हणजे आमच्या आवारात राहून शिकणारा, आणि अनिवासी म्हणजे रोज घरून ये-जा करणारा. ज्यांना गोव्यातल्या मुलांसाठी वेगळ्या जागा ठेवायच्यात त्यांच्या फॉर्मवर निवासी म्हणजे राज्याचा रहिवासी, ज्याच्याकडे मामलेदार ऑफिसातला रेसिडेन्सचा दाखला असतो तो. आणि तिसरा अर्थ पेपरात रोज वाचून डोक्यात बसलेला, अनिवासी भारतीय, म्हणजे परदेशात राहणारे आपले लोक. तुमच्या डोक्यात बोट आली ती या तिसऱ्यामुळे, बरोबर ना?

गंमत बघा, तुमचा भाचा पहिल्या अर्थाने अनिवासी आहे, दुसऱ्या अर्थाने निवासी आहे आणि तिसऱ्या अर्थाचा त्याच्याशी संबंधच नाही. एकाच पोराची एकाच शब्दाला दोन उलटी उत्तरं, आणि दोन्ही खरी.

मग फोटोत काय दिसलं? रकान्याचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो. तुमच्या ७ च्या खाली बारीक अक्षरात ‘निवासी असल्यास स्थानिक पालकाचे नाव व’ एवढं वाचता येतंय, पुढचं कापलंय. ‘स्थानिक पालक’ हा शब्द दिसला की बहुतेक निकाल लागला, कारण पोर आईबापापासून लांब राहणार असेल तरच कुणी स्थानिक पालक मागतं, म्हणजे मुलगा रात्री तापला तर अर्ध्या तासात कोण येईल त्याचं नाव. घरी राहणाऱ्या पोराचा पालक घरातच असतो. त्याच जागी जर ‘दाखला क्रमांक व दिनांक’ किंवा ‘किती वर्षे वास्तव्य’ असं काही असतं तर मी नेमकं उलटं सांगितलं असतं, निवासी वर टिक मारा आणि मामलेदाराचा दाखला जोडा. आणि शेजारी पासपोर्ट नंबर किंवा परकीय चलनातली फी दिसली असती तर तो तिसरा अर्थ. वडील बोटीवर असले म्हणून पोरगा आपोआप त्या खान्यात जात नाही. इन्कम टॅक्सवाले वडील वर्षात किती दिवस देशाबाहेर होते ते मोजतात, ते वडिलांच्या टॅक्सचं, पोराच्या फॉर्मवरच्या हॉस्टेलच्या प्रश्नाशी त्याचं नातं काही नाही. वडिलांच्या पुढे ‘व्यवसाय’ मध्ये बोटीवर नोकरी लिहा, झालं.

आता खालच्या टीपेबद्दल, आणि हे शब्दाच्या अर्थापेक्षा जास्त नडतं. तुमच्या फोटोत ‘निवासी / अनिवासी’ च्या डोक्यावर एक छोटी चांदणी आहे, आणि पानाच्या तळाशी चांदणी काढून ‘जे लागू’ इथपर्यंत दिसतंय. पुढे काय आहे? ‘जे लागू आहे त्यावर खूण करा’ की ‘जे लागू नाही ते खोडा’? जुन्या मराठी छापील फॉर्मांवर दुसरं फार असतं, आणि हल्लीची पिढी टिक मारायच्या सवयीची. आमच्याकडे हे घडलेलं आहे. पुतण्याच्या फॉर्मवर मी स्वतः अनिवासीवर टिक मारली, झोकात, टिकेची शेपटी लांबवून पार शब्दावरून आडवी नेली. टीप होती खोडा म्हणून. क्लार्कला ‘अनिवासी’ खोडलेला दिसला, पोरगा गेला हॉस्टेलच्या यादीत, आणि पंधरा दिवसांनी खाटेचं आणि मेसचं डिपॉझिट भरा म्हणून फोन. त्याचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर! नाव बदलून घ्यायला दोन खेपा आणि एक अर्ज. चूक क्लार्कची नाही म्हणता येणार, कागदावर जे दिसलं ते त्याने वाचलं. तेव्हापासून मी खोडायचं असेल तर पट्टी ठेवून पूर्ण शब्दावरून सरळ रेघ मारतो आणि बाजूला राहिलेला शब्द हाताने परत लिहितो, ‘अनिवासी, घरून ये-जा’. दोनच शब्द जास्तीचे, पण कुणी चुकीचं वाचूच शकत नाही.

९ बद्दल. ‘मूळ निवासस्थान’ हा ‘मूळ’ गोंयकाराला लगेच देवळाकडे नेतो, कुळदेव कुठला, आजोबांचं घर कुठलं. तुम्हाला सत्तरी आठवली ती त्यामुळेच. पण फॉर्मवाल्याला बऱ्याचदा एवढंच हवं असतं की तात्पुरत्या भाड्याच्या खोलीचा नको, कायमचा पत्ता द्या. तुमच्या फोटोत ९ मध्ये गाव, तालुका, पिन आणि ‘दूरध्वनी’ असे तुकडे आहेत. आजोबांच्या बंद घराचा फोन कोण मागेल हो? म्हणजे पत्र पाठवलं तर जिथे पोचेल ते घर, डिचोली. हाच रकाना जर जात-पोटजात च्या ओळीला चिकटून आला असता तर मी सत्तरी लिहा म्हटलं असतं, कारण तिथे घराणं कुठलं हे विचारलेलं असतं आणि ते जातीच्या दाखल्यावर असलेल्या गावाशी जुळावं लागतं.

असे रकाने संस्थेगणिक कसे बदलतात याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात पक्कं उदाहरण म्हणजे नवोदय. आपल्याकडे उत्तर गोव्याचं वाळपईला आणि दक्षिणेचं काणकोणात. ती शाळाच निवासी, सगळीच मुलं तिथे राहतात, त्यामुळे हॉस्टेल हवं की नको हा प्रश्नच तिथे उरत नाही. सहावीच्या प्रवेशाला तिथे रहिवास विचारतात तो जिल्ह्याचा, म्हणजे पोरगा त्याच जिल्ह्यात राहणारा हवा आणि पाचवीही त्याच जिल्ह्यात करत असायला हवा. आणि खरा चकवा पुढे आहे, ‘ग्रामीण / शहरी’. आपण म्हणतो घर खेड्यात, म्हणजे ग्रामीण. नाही! त्यांच्याकडे ते घरावरून ठरत नाही, शाळेवरून ठरतं. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णवेळ ग्रामीण भागातल्या शाळेत काढलेली हवीत, मधे एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असेल तरी शहरी. किमान ७५ टक्के जागा ग्रामीणच्या असतात म्हणून हा रकाना महत्त्वाचा. आता सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावरचं पोर रोज बसने वाळपई शहरातल्या शाळेत जात असेल, घराभोवती काजूची झाडं आणि दारात गुरं असली तरी तिथे ते शहरी, कारण वाळपई नगरपालिकेत येते. डिक्शनरी उघडून हे कुणालाच कळणार नाही, ते माहितीपत्रकातच असतं.

म्हणून मला विचाराल तर शब्दाचा अर्थ मराठीवाल्याला विचारण्याआधी फॉर्मबरोबर आलेली पुस्तिका उघडायची, त्यात ‘व्याख्या’ किंवा ‘सूचना’ नावाचं एक कंटाळवाणं पान असतं ते. आणि ती नसेल तर ऑफिसला फोन, पण ‘फॉर्म कसा भरायचा’ असं विचारू नका, पलीकडचा ‘सगळं लिहिलंय त्यात’ म्हणून ठेवून देतो. असं विचारा: «रकाना ७ हॉस्टेलसाठी आहे की गोव्याच्या रहिवासी दाखल्यासाठी? आणि खूण करायची की खोडायचं?» याला एका वाक्यात उत्तर देता येतं म्हणून ते मिळतं.

शब्दांचा नाद असलेल्यांसाठी थोडं जास्तीचं. मराठीत हे दोन अर्थ वेगळे ठेवायची सोय आहे बरं का, राज्याचा तो ‘रहिवासी’ आणि हॉस्टेलचा तो ‘निवासी’, बोलताना आपण साधारण तसंच करतो, निवासी शाळा म्हणतो, रहिवासी शाळा कुणी म्हणत नाही. घोटाळा सरकारी मराठीने केला, रेसिडेंट या एकाच इंग्रजी शब्दाला सगळीकडे निवासी बसवून. त्यातूनच निवासी डॉक्टर आले (पूर्वी हॉस्पिटलच्या आवारातच राहायचे म्हणून), महाराष्ट्रात निवासी उपजिल्हाधिकारी आले आणि तुमचा रकाना ७ पण. त्यात सीमेपलीकडच्या कॉलेजांचा फॉर्म असेल, सावंतवाडी-कोल्हापूरकडचा, तर तिथे ‘अधिवास’ असा अजून एक भारदस्त शब्द भेटतो, तो महाराष्ट्राच्या रहिवासाचा, आपल्या मामलेदाराचा दाखला त्या खान्यात चालत नाही.

तर आता ताई, मूळ फॉर्मला हात लावू नका, आधी झेरॉक्सवर पेन्सिलने भरा. आणि कागद टेबलावर सपाट ठेवून, वरून, चारही कडा दिसतील असा परत फोटो काढा, मागच्या पानाचा पण. मला तळाची ती चांदणीची टीप पूर्ण वाचायचीय, तोवर ७ कोराच ठेवा. उजव्या कोपऱ्यात ‘जी. आर. नं.’ लिहिलेला चौकोन आहे तो तर कायमचाच कोरा, तो शाळेच्या जनरल रजिस्टरचा नंबर, प्रवेश झाल्यावर ऑफिसवाले घालतात.