उसने शेअर विकणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: शेअर घेतला तर फार तर लावलेले पैसे बुडतात. मग शॉर्टमध्ये तोट्याला मर्यादा नाही असं का म्हणतात?

समजा, तुम्ही १०० शेअर ५०० रुपयांनी शॉर्ट केले, म्हणजे उसने घेऊन विकले. हाती आले ५०,०००. कंपनी पार बुडाली तरी नफा तेवढाच, कारण भाव शून्याखाली जात नाही. वर मात्र छत नाही. भाव १,५०० झाला, तर तेच शेअर परत घ्यायला दीड लाख लागतील, म्हणजे एक लाखाचा तोटा. लोकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. घेतलेला शेअर पडत गेला की तुमची जोखीम आपोआप लहान होत जाते. शॉर्टमध्ये भाव चढेल तशी ती फुगते, आणि ब्रोकर जास्तीचं मार्जिन, म्हणजे हमीची रक्कम, नेमकं तेव्हाच मागतो.

प्रश्न: हे शेअर उसने देतं कोण? त्याला काय मिळतं?

आपल्याकडे इंट्राडे शॉर्ट त्याच दिवशी कव्हर करावा लागतो, म्हणजे शेअर परत विकत घ्यावे लागतात. तो राहून गेला, तर ते शेअर लिलावाने घेतले जातात आणि त्या ऑक्शनचा भुर्दंड बसतो. दिवसापलीकडे शॉर्ट ठेवायचा, तर २००८ पासून एसएलबीची, म्हणजे शेअर उसने देण्याघेण्याची, सोय आहे. ज्याला शेअर विकायचा नाही, तो ठरलेल्या मुदतीसाठी, समजा महिन्याला शेअरमागे ३ रुपये घेऊन, तो देतो. मध्ये व्यवहार पुरे करून देणारी क्लिअरिंग कॉर्पोरेशन असते, त्यामुळे दोघांना एकमेकांचं नावही कळत नाही. तुमच्याकडून तारण मात्र घेतलं जातं. मुदतीत डिव्हिडंड जाहीर झाला, तर कंपनी तो तुमच्याकडून शेअर घेणाऱ्याला देते. मूळ मालकाला तेवढी रक्कम तुमच्या खिशातून जाते. हा खर्च हिशेबात धरणारे मला कमीच भेटले.

प्रश्न: पण भाव वेडावाकडा चढायला लागला की बाहेर पडायचं. त्यात काय अवघड?

विकणारा असेल तर काहीच नाही! २००८ सालची फोक्सवॅगनची गोष्ट पाहा. भाव फाजील आहे असं मानून अनेक फंडांनी तो शॉर्ट केला होता. उसने घेऊन विकलेले शेअर एकूण शेअरच्या सुमारे १२ टक्के होते. २६ ऑक्टोबरच्या रविवारी पोर्शने जाहीर केलं, की तिच्याकडे ४२.६ टक्के शेअर आहेत आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर ऑप्शन, म्हणजे त्या शेअरच्या भावावर बेतलेले करार. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्के होते, आणि ते विकणार नव्हतं. म्हणजे बाजारात उरले जेमतेम ६ टक्के, आणि परत करायचे होते त्याच्या दुप्पट. शुक्रवारी २१० युरोच्या आसपास असलेला शेअर मंगळवारी हजारावर गेला. इथे स्टॉपलॉस, म्हणजे ठरल्या भावाला आपोआप बाहेर पडायची ऑर्डर, लावलेलाही सुटला नाही, कारण सोमवारी बाजार उघडला तोच शुक्रवारच्या कितीतरी वर.

बुधवारी पोर्शने ५ टक्क्यांपर्यंतचे ऑप्शन मोकळे करायची तयारी दाखवली आणि भाव जवळपास निम्म्यावर आला. पण मार्जिन संपल्यामुळे ज्यांना मंगळवारीच कव्हर करावं लागलं, त्यांच्यापाशी तोवर शॉर्ट उरलाच नव्हता.