महिनाअखेरीला लग्नासाठी रजा: मॅडमना मेल कसा लिहू?

प्रश्न: धाकट्या बहिणीचं लग्न २८ नोव्हेंबर २०२६ ला आहे. मी अकाउंट्समध्ये आहे. महिनाअखेरीची देणी आणि बँकेची जुळवणी माझ्याकडेच असते. पाच दिवस रजा हवी आहे. मॅडमना मेल कसा लिहू, म्हणजे त्या नाही म्हणणार नाहीत?

उत्तर:

मेल वाचताना मॅडमच्या डोक्यात पहिला प्रश्न येणार तो म्हणजे ३० तारखेची देणी कोण सोडणार. त्याचं उत्तर मेलमध्ये असेल तर बाकीची भाषा साधी असली तरी चालते. ते नसेल तर कितीही अदबीनं लिहा, "बघू" एवढंच ऐकायला मिळेल. म्हणून मेल लिहायला बसण्याआधी थोडी तयारी करा.

आधी तारखा. २८ ला शनिवार आहे. बुधवार २५ नोव्हेंबर ते मंगळवार १ डिसेंबर अशी रजा घेतली तर कामाचे पाच दिवस जातात आणि बुधवारी २ तारखेला तुम्ही परत टेबलावर असता. मेलमध्ये रजेचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस, तिन्ही वारासकट लिहा. "२५ पासून पाच दिवस" असं लिहिलं की कुणी शनिवार-रविवार धरतं, कुणी धरत नाही, आणि सोमवारी लोक तुमची वाट बघत बसतात. काही कंपन्या रजेच्या मधे आलेली सुट्टीही रजेतच मोजतात. तुमच्याकडे काय नियम आहे ते एचआरला आधीच विचारून घ्या, कारण मग पाचाच्या जागी सात रजा खर्ची पडतील.

आता त्या दिवसांत येणारी कामं तारखेनुसार कागदावर काढा आणि प्रत्येकाला विचारा: हे जाण्याआधी उरकेल का, परत येईपर्यंत थांबेल का, की दुसऱ्या कुणी करायलाच हवं? बहुतेक जण सगळंच सहकाऱ्याच्या गळ्यात टाकतात, तिथेच गाडी अडते. बँकेची जुळवणी घ्या. ३० तारखेपर्यंतचं स्टेटमेंट महिना संपल्याशिवाय पूर्ण होतच नाही. म्हणजे २४ पर्यंतच्या नोंदी तुम्ही जाण्याआधी जुळवल्या, तर २ तारखेला फक्त शेवटच्या सहा दिवसांच्या नोंदी उरतात. क्लोजिंगची मुदत ४ तारीख असेल, तर हे काम कुणाकडे द्यायची गरजच नाही. २५ ते २९ मध्ये देय होणारी बिलं हातात असतील तर ती २४ लाच सोडता येतील का, ते मॅडमना विचारा. मग खरं सोपवायचं काम एकच उरतं: ३० तारखेची देणी.

या एका कामात एक मेख आहे. बँकेच्या पोर्टलवर देणं भरणारा आणि मंजूर करणारा असे दोन वेगळे लोक लागतात. तुमच्या नोंदी एरवी जी सहकारी मंजूर करते तिलाच तुम्ही काम सोपवलं, तर ती स्वतःची नोंद स्वतः मंजूर करू शकणार नाही, आणि देणी दिवसभर मंजुरीच्या रांगेत पडून राहतील. म्हणून नाव ठरवताना दोन नावं ठरवा: भरणार कोण आणि मंजूर करणार कोण. आणि कृपा करून आपला पासवर्ड कुणाला देऊन जाऊ नका. ओटीपी तुमच्याच फोनवर येणार, म्हणजे पाहुण्यांच्या गर्दीत तुम्ही आकडे सांगत उभे राहणार. शिवाय उद्या काही चुकलं तर नोंद तुमच्या नावावर असते. सहकाऱ्याला तिच्या स्वतःच्या लॉगिनवर तात्पुरते अधिकार मिळवून द्या. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच करा. अधिकार मिळाले की तुम्ही शेजारी बसा आणि एक खरं देणं तिला तिच्या हातानं भरू द्या. एखाद्या खात्याचा अधिकार राहून गेला असेल तर तो तेव्हाच कळतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मॅडमना दोन मिनिटं भेटून तोंडी कानावर घाला, मग सहकाऱ्याला विचारा, मग मेल. तिला न विचारता तिचं नाव मेलमध्ये टाकलं आणि तिलाही त्याच दिवसांत रजा हवी असली, तर तुमचं आणि तिचं दोघांचंही अवघड होतं. तिच्याकडेही महिनाअखेर असते, तेव्हा तिचं कुठलं काम तुम्ही आधी किंवा नंतर उचलाल तेही बोलून घ्या.

मेल साधारण असा:

> विषय: रजेची विनंती: २५ नोव्हेंबर ते १ डिसेंबर २०२६ (बहिणीचं लग्न)
>
> नमस्कार मॅडम,
>
> काल बोलल्याप्रमाणे, माझ्या बहिणीचं लग्न शनिवार, २८ नोव्हेंबरला आहे. त्यासाठी बुधवार २५ नोव्हेंबर ते मंगळवार १ डिसेंबर अशी रजा हवी आहे. बुधवार, २ डिसेंबरला मी रुजू होईन.
>
> २९ पर्यंत देय असलेली हातातली बिलं आपली हरकत नसेल तर २४ लाच सोडेन. बँकेची जुळवणी २४ पर्यंत पूर्ण करेन, उरलेली २ आणि ३ डिसेंबरला करून ४ च्या मुदतीत देईन. ३० तारखेची देणी (सहकाऱ्याचं नाव) भरतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. मंजुरी नेहमी त्याच देतात, पण त्या दिवशी दुसरं कुणी लागेल. ती आपण द्याल का? त्यांच्या तात्पुरत्या अधिकारांसाठी आपली संमतीही हवी आहे.
>
> ३० तारखेला सकाळी १० ते ११ फोनवर उपलब्ध असेन. २७ आणि २८ ला फोन घेता येणार नाही.
>
> आपला,
> (नाव)

फोनबद्दलची ओळ मुद्दाम तशी लिहिली आहे. "गरज लागल्यास केव्हाही फोन करा" असं लिहिलं की लोक खरंच केव्हाही करतात, आणि मांडवात तुम्ही फोन उचलला नाही तर उलट राग तुमच्यावर. कामाच्या दिवशी एक तास ठरवून दिला तर तो तास तुम्ही पाळू शकता. लग्नाचं कारणही एका वाक्यात पुरतं. कोण येणार, घरात करणारं दुसरं कुणी नाही वगैरे लिहायला लागलात की विनवणीचा सूर येतो.

मॅडम म्हणाल्या की पाच दिवस जमणार नाहीत, तर कुठे मागे सरायचं ते आधीच मनाशी ठरवा. २७ आणि २८ सोडता येणार नाहीत, पण सोमवार ३० तारखेला दुपारपर्यंत लॅपटॉपवरून देणी स्वतः भरून देणं कदाचित जमेल. हा पर्याय पहिल्या मेलमध्ये लिहू नका, नाहीतर तोच मंजूर होईल. विचारलं तरच पुढे करा. चार दिवस झाले तरी उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली विचारा: "सहकाऱ्याच्या अधिकारांचा अर्ज या शुक्रवारपर्यंत द्यायचा आहे, तोपर्यंत कळवाल का?" नुसत्या "काही ठरलं का?" पेक्षा याला उत्तर लवकर येतं, कारण त्यात त्यांना हो म्हणायला एक तारीख असते.

तोंडी होकार मिळाला की त्याच दिवशी रजेच्या सिस्टिममध्ये अर्ज टाका आणि तिथे मंजुरी दिसेपर्यंत तिकिटं काढू नका. २४ ला संध्याकाळी निघताना सहकाऱ्याला एक पानाची टिपण द्या: ३० तारखेच्या देण्यांची यादी, प्रत्येक बिलाची फाईल कुठे आहे, कुठलं देणं वादात असल्यामुळे सोडायचं नाही, आणि पोर्टल अडलं तर बँकेत कुणाला फोन करायचा. वादातल्या देण्याची ओळ ठळक करा, कारण नव्या माणसाच्या हातून चुकून सुटतं ते तेच.