तीन साक्षीदार नव्हे, मत्तयासमोर मार्क उघडा होता

प्रश्न: बीएला बायबल स्टडीजचा पेपर आहे. मत्तय, मार्क, लूक या तीन शुभवर्तमानांत इतका मजकूर सारखा का? मौखिक परंपरेमुळे असं लिहिलं तर चालेल का? आणि ‘क्यू’बद्दल किती लिहू?

नाही चालणार. नुसती मौखिक परंपरा हे उत्तर मी स्वतः पहिल्या वर्षाला लिहिलं होतं, कारण घरी तेच ऐकत वाढले. माझे मोठे मामा चर्चमध्ये संदेश द्यायचे आणि त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, तीन साक्षीदारांनी एकच घटना पाहिली म्हणून तिघांचं जुळतं. सुट्टीत घरी गेल्यावर मी म्हटलं की मामा, मत्तयाने मार्क समोर ठेवून लिहिलंय, तर जेवणाच्या ताटावरच म्हणाले, "म्हणजे प्रेषित कॉपी करत होते म्हणतेस?" आणि मग सगळ्यांसमोर, कॉलेजने हिचा विश्वास खाल्ला. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, ते अजून लागतं.

उत्तर मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात होतं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची गोष्ट आधी मार्कच्या सहाव्यात वाच. मार्क हेरोदाला राजा म्हणतो. तिथे योहानाला मारायचंय ते हेरोदाच्या बायकोला, हेरोदियेला, हेरोद उलट त्याला नीतिमान समजून सांभाळतो, त्याचं आवडीने ऐकतो, त्यामुळे हेरोदियेची पोरगी नाचून योहानाचं शिर मागते तेव्हा राजाला फार वाईट वाटतं, हे बरोबर बसतं. आता मत्तय. हा हेरोद अंतिपास खरं तर राजा नव्हताच, गालील आणि पेरियाचा मांडलिक होता (राजा ही पदवी मागायला गेला आणि इ.स. ३९ मध्ये हद्दपार झाला). मत्तयाला ते माहीत आहे, म्हणून १४:१ ला तो नीट ‘मांडलिक’ लिहितो. शिवाय गोष्ट आटोपशीर करताना योहानाला मारायची इच्छा तो हेरोदाच्याच माथी मारतो, फक्त लोकांना भिऊन थांबलाय असं सांगतो. पण १४:९ ला काय येतं? ‘राजाला वाईट वाटलं.’ अरे, आत्ता तर मांडलिक होता ना? आणि ज्याला मारायचंच होतं त्याला वाईट का वाटेल? सुरुवातीला केलेले बदल पुढे सांभाळायचे राहिले आणि समोरच्या मार्कमधले शब्द तसेच उतरले. अभ्यासक याला संपादकाचा थकवा म्हणतात. स्वतंत्र साक्षीदाराच्या हातून असं होत नाही, आणि मार्कने मत्तयावरून घेतलं असं धरलं तर ही गडबड नेमकी मत्तयातच का, हे सांगता येत नाही.

दुसरी खूण छोटी आहे पण मला तीच जास्त पटते. मार्क १३:१४ आणि मत्तय २४:१५, ओसाड करणाऱ्या अमंगळाबद्दल येशू बोलतोय आणि मध्येच कंसात, वाचणाऱ्याने हे समजून घ्यावं. समोर बसलेल्या शिष्यांना कोणी ‘वाचणारा’ म्हणत नाही, ही लिहिणाऱ्याने घातलेली टीप आहे आणि ती दोघांकडे त्याच जागी आहे. ऐकीव गोष्टीत टीपा अशा टिकत नाहीत.

म्हणून मूळ मुद्दा एवढाच लिही की मार्क आधीचा, त्याच्या साधारण ६६० ओव्यांपैकी ६०० च्या आसपास या ना त्या रूपात मत्तयात आहेत, लूकनेही त्याचा बराच भाग घेतलाय. उरला तो मत्तय-लूकमध्ये सारखा पण मार्कमध्ये नसलेला मजकूर. उदाहरणार्थ ‘सापाच्या पिल्लांनो’ हे योहानाचं भाषण, मत्तय ३:७-१० आणि लूक ३:७-९, ग्रीकमध्ये मोजके शब्द सोडले तर तंतोतंत. मत्तय ते परूशी-सदूक्यांना ऐकवतो, लूक सगळ्या जमावाला, पण आतलं भाषण तेच. योहान बोलला असणार अरामी, मग दोन वेगळ्या भाषांतरकारांचे ग्रीक शब्द इतके जुळतील? यासाठी जो हरवलेला ग्रंथ धरतात तो क्यू.

मराठी बायबलवरून शब्द मोजू नकोस हं, भाषांतरात कधी फरक पुसला जातो, कधी नसलेला दिसतो. ग्रीक सिनॉप्सिस घे, म्हणजे तिघांचा मजकूर शेजारी-शेजारी छापलेलं पुस्तक, तिघांत सारखं ते एका रंगाने, दोघांत सारखं ते दुसऱ्या रंगाने रंगव. तुझं ग्रीक झालं नसेल तरी अक्षरं जुळवता येतात.

आणि हो, क्यूची एकही प्रत सापडलेली नाही. लूकने सरळ मत्तयच वाचला होता असं मानणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हातात दम आहे: येशूला मारहाण होते तिथे मार्कमध्ये नुसतं ‘भविष्य सांग’ आहे, मत्तय-लूक दोघांकडे पुढे ‘तुला कोणी मारलं’ हे ग्रीकचे पाच शब्द अगदी तेच आहेत. क्यूमध्ये येशूच्या अटकेची आणि मरणाची गोष्ट सहसा धरतच नाहीत, त्यामुळे क्यूवाल्यांना इथे फार कसरत करावी लागते. मौखिक परंपराही होतीच, मार्कच्या आधी, पण तिने हे कंस आणि हे शब्द समजत नाहीत.

घरी कोणी तीन साक्षीदार म्हणालं तर वाद घालू नकोस, लूकच्या पहिल्या चार ओव्या मोठ्याने वाच. तो स्वतःच सांगतो की आधी पुष्कळांनी हा वृत्तांत लिहायला घेतलाय, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं त्यांनी तो ‘आम्हांला’ सांगितला, आणि मी सगळं शोधून क्रमाने लिहितोय. तो स्वतःला पाहणाऱ्यांत मोजतच नाही. मामांना मी हे त्या दिवशी ताटावर वाचून दाखवायला हवं होतं.